लाइक किंवा फॉरवर्ड केल्याने गुन्हा होतो का?

प्रश्न: कुणाची बदनामी करणारी पोस्ट मी लिहिली नाही, फक्त लाइक किंवा फॉरवर्ड केली, तर मी जबाबदार कसा?

उत्तर: फॉरवर्डची जबाबदारी तुमचीच. तमिळ अभिनेते एस. व्ही. शेखर यांनी 2018 मध्ये महिला पत्रकारांबद्दलची गलिच्छ पोस्ट फेसबुकवर शेअर केली. मजकूर दुसऱ्याचा होता, त्यांनी तो काढून माफीही मागितली. डोळ्यांत औषध घातल्याने वाचता आलं नाही, असा बचाव (!) सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2023 मध्ये तिथेही खटला रद्द झाला नाही. फॉरवर्ड करणं म्हणजे मजकुराला दुजोरा देणं, असं मद्रास उच्च न्यायालयाने आधीच म्हटलं होतं.

लाइकचं वेगळं. लाइक म्हणजे प्रसिद्ध करणं नव्हे, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2025 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या अश्लील मजकुरावरील कलम 67 बाबत सांगितलं. म्हणजे लाइकवर सहसा कारवाई होणार नाही. पण ज्याची टिंगल चालली आहे, त्याला लाइकच्या यादीत तुमचं नाव दिसतंच.