कॉर्पोरेट फिल्म छोटी करायची आहे, एडिटरला बदल कसे कळवू?

प्रश्न: आमच्या अंबडच्या कारखान्याची फिल्म ३ मिनिटं ४० सेकंदांची आहे. प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी दीड मिनिटाची हवी. एडिटरला वेळांसकट बदल नेमके कसे लिहून पाठवायचे?

उत्तर: सगळ्या वेळा एकाच जुन्या फाइलवरून लिहा आणि कोणत्या, ते मेसेजच्या पहिल्या ओळीत सांगा. सुरुवातीचे १२ सेकंद कापले की पुढचं सगळं १२ सेकंदांनी अलीकडे सरकतं. तुम्ही मनातल्या मनात ते वजा करून पुढच्या वेळा लिहिल्यात, तर एडिटर भलतीकडेच कात्री लावेल.

दुसरं, पाठवण्याआधी बेरीज करा. २२० सेकंदांचे ९० करायचे म्हणजे १३० जायला हवेत. नुसतं 'जरा क्रिस्प करा' लिहिलं की काय गाळायचं हे एडिटर ठरवतो, आणि नेमकं साहेबांचं आवडतं वाक्य जातं. साताऱ्यापासून सातपूरपर्यंतच्या कंपन्यांसोबत काम करताना हेच वाद मी सर्वांत जास्त पाहिलेत. तुमच्या फिल्ममध्ये काय आहे ते मला माहीत नाही, म्हणून नमुना असा धरतो:

"दादा, नमस्कार. स्टॉलसाठी दीड मिनिटाचं व्हर्जन हवं आहे. खालच्या सगळ्या वेळा Film_v4.mp4 मधल्या आहेत.
०:००–०:१२ ड्रोन शॉट काढा. फिल्म थेट मशीन शॉपपासून सुरू होऊ दे.
०:४०–१:०६ आणि १:२४–१:३८ एमडी साहेबांचं बोलणं काढा. मधले १८ सेकंद ठेवा, त्यांची नाव-पदाची पट्टी आता १:०६ ला आणा.
१:३८–१:५६ लॅबचा पहिला भाग काढा, मोजमापाचा शॉट राहू दे.
२:०८–३:०८ कॅन्टीन, वृक्षारोपण, स्नेहसंमेलन पूर्ण काढा.
एकूण १३० सेकंद कमी होतात. बाकी काही बदलू नका. मूळ फिल्म तशीच ठेवा, हे वेगळं व्हर्जन आहे."

मुलाखतीच्या वेळा मात्र डोळे मिटून, फक्त ऐकून ठरवा. उरलेला तुकडा 'म्हणूनच आम्ही…' असा सुरू झाला, तर ऐकणाऱ्याला आधीचं कारणच कळत नाही. शेवटच्या शब्दावर आवाज चढलेला असेल, तर वाक्य पूर्ण असूनही अर्धवट तुटल्यासारखं वाटतं. अशा वेळी एक-दोन सेकंद जास्त द्या आणि ते मशीन शॉपमधून वळते करून घ्या.

संगीताबद्दल एक ओळ जरूर टाका: 'संगीत चित्रासोबत कापू नका, लोगोवरचा शेवटचा ठोका धरून मागे जुळवा.' नाहीतर २:०८ च्या जोडावर ताल उडी मारतो, आणि ते संगीत न कळणाऱ्यालाही खटकतं.

स्टॉलवर गोंगाटात आवाज पोचत नाही, म्हणून एमडींच्या त्या १८ सेकंदांना सबटायटल्सही याच मेसेजमध्ये मागा. मजकूर स्वतः टाइप करून द्या, म्हणजे तांत्रिक शब्द चुकणार नाहीत.