बॉयलरचं प्रेशर सारखं पडतंय: २,९०० पाउंडांचा नवा घ्यायचा का?

प्रश्न: सर नमस्कार, आम्ही रेडिंगला राहतो, तीन वर्षांपूर्वी घेतलेलं सेमी-डिटॅच्ड घर, ९ वर्षांचा कॉम्बी बॉयलर आहे. सकाळी प्रेशरचा काटा ०.४ वर असतो, पाणी भरून १.५ केला की हीटिंग चालू झाल्यावर पार ३ पर्यंत जातो, आणि दर दोन-तीन दिवसांनी हेच. बाहेरच्या भिंतीवरचा तांब्याचा पाइप ओला दिसतो. एक जण बघून म्हणाला बॉयलर संपला, नवा २,९०० पाउंड, ५ वर्षांचे हप्ते, ११.९ टक्के एपीआर. नाहीतर महिना २२ पाउंडांचं बॉयलर कव्हर घ्या म्हणाला. बचत साडेपाच हजार आहे पण ती मुलीच्या नर्सरीसाठी ठेवलीय. काय करू?

उत्तर: नमस्कार. सध्या नवा बॉयलर घेऊ नका आणि कव्हरही घेऊ नका. आधी साधारण दोनशे-तीनशे पाउंडांची दुरुस्ती करून बघा, कारण तुम्ही जे लिहिलंय त्यात बॉयलर मेल्याचं एकही लक्षण नाहीये, एक्सपान्शन व्हेसल बसल्याची मात्र सगळी आहेत.

पाणी तापलं की फुगतं. तुमच्या घरात रेडिएटर आणि पाइप धरून १०० लिटर पाणी असेल असं धरू, ते १५ अंशांवरून ७० वर गेलं की दोनेक लिटरने वाढतं, आणि सिस्टीम बंद असल्यामुळे त्या दोन लिटरना कुठेतरी जागा लागते. ती जागा म्हणजे एक्सपान्शन व्हेसल, बॉयलरच्या आतच असलेला लोखंडी डबा, मध्ये रबराचा पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसरीकडे ०.७५ ते १ बार दाबाची हवा. वर्षानुवर्षं ही हवा हळूहळू झिरपून जाते. मग फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही, काटा ३ वर जातो, आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर सोडतो. तुमचा ओला पाइप तो हाच. रात्री सगळं थंड झालं की बाहेर गेलेलं पाणी कमी पडतं आणि सकाळी ०.४ दिसतं. नुसती गळती असती तर काटा थंड-गरम कधीही खालीच सरकत राहिला असता, गरम झाल्यावर ३ वर चढला नसता.

आता खरी गोची इथे आहे. हा सेफ्टी व्हॉल्व्ह वारंवार उघडला की त्याच्या सीटवर बारीक कचरा अडकतो आणि तो परत नीट बसत नाही, थेंब थेंब गळत राहतो. म्हणून नुसती व्हेसलमध्ये हवा भरून घेतली तर चार दिवस बरं वाटतं आणि मग प्रेशर पुन्हा पडायला लागतं, यावेळी हळूहळू, आणि लोक म्हणतात बघा दुरुस्ती टिकली नाही, आता नवाच घेऊ. दोन्ही कामं एकाच खेपेत करून घ्या: व्हेसलमध्ये हवा भरणं म्हणजे रिचार्ज, आणि हा सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजेच प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह, नवा. एरियाप्रमाणे भाव बदलतात, पण दोन्ही मिळून साधारण २०० ते ३०० पाउंड धरून चला. बॉयलरचं केसिंग उघडायचं काम गॅस सेफ रजिस्टर्ड माणसाचंच, तिथे यूट्यूब बघून हात घालू नका.

काम चाललेलं असताना एक गोष्ट बघा. हवा मोजायच्या आधी त्याने बॉयलरमधलं पाणी सोडून काटा शून्यावर आणला पाहिजे. तसं न करता गाडीच्या टायरसारख्या त्या व्हॉल्व्हला गेज लावला तर पडद्यापलीकडच्या पाण्याचाच दाब दिसतो आणि हवा आहे असं वाटतं. आणि तिथली पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटलाय, मग हवा भरण्यात अर्थ नाही. तेव्हासुद्धा बॉयलर फेकायचा नाही, बॉयलरच्या बाहेर हीटिंगच्या पाइपवर वेगळा व्हेसल बसवता येतो, त्याचे अंदाजे २५० ते ३५० वेगळे लागतील.

हे करूनही प्रेशर पडलं तर? रात्री त्या बाहेरच्या पाइपच्या तोंडाला फ्रीझर बॅग सैलसर बांधा आणि बॉयलर थंड झाल्यावर त्याच्या खालचे हीटिंगचे फ्लो आणि रिटर्न हे दोन व्हॉल्व्ह बंद करून ठेवा. सकाळी काटा जागेवर असेल तर बॉयलर निर्दोष, गळती घरात आहे. रेडिएटरच्या व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी हिरवट-पांढरा थर दिसतो का बघा, गळलेलं पाणी वाळून जातं पण डाग राहतो, आणि बऱ्याचदा नुसता ग्लँड नट घट्ट करून काम होतं. जमिनीखालच्या पाइपात असेल तर होम इन्शुरन्सच्या कागदात ट्रेस अँड ॲक्सेस आहे का ते आधी वाचा, गळती शोधायचा आणि फरशी उघडायचा खर्च त्यात येतो, पाइप दुरुस्तीचा बहुतेक वेळा येत नाही. पण व्हॉल्व्ह बंद, पिशवी कोरडी, आणि तरीही काटा खाली, असं झालं तर हीट एक्स्चेंजर, म्हणजे बॉयलरमधला पाणी तापवणारा भाग, आतून गळत असण्याची शक्यता मोठी. ९ वर्षांच्या बॉयलरवर तो बदलायचा पाचशे-सहाशेचा खर्च मी करायला सांगणार नाही, तिथे मात्र नवा घ्या.

आता पैशांचं. २,९०० चे ११.९ टक्क्यांनी ५ वर्षं म्हणजे महिना ६३ पाउंड ४८ पेन्स, एकूण जवळपास ३,८१०, म्हणजे नऊशेच्या वर नुसतं व्याज. आणि गॅस बिल फार कमी होईल असंही नाही, तुमचा आत्ताचा बॉयलरही कंडेन्सिंग, म्हणजे कमी गॅस खाणाऱ्या प्रकारचाच आहे. कव्हरचे वर्षाला २६४ होतात, जवळपास या दुरुस्तीइतकेच, आणि कव्हर घ्यायच्या आधीपासून असलेला बिघाड ते सहसा धरतच नाहीत, त्यात सुरुवातीचे काही दिवस क्लेम करता येत नाही. उद्याच्या बिघाडासाठी ठीक असेल, आजच्यासाठी नाही.

कोणालाही बोलवायच्या आधी बॉयलरच्या मॅन्युअलमागचं सर्व्हिसचं पान शोधा. काही कंपन्या १० वर्षांची गॅरंटी देतात, अट एवढीच की बसवल्यावर रजिस्टर केलेला हवा आणि दरवर्षी सर्व्हिस झालेली हवी. आधीच्या मालकाने सर्व्हिस केली असेल आणि तुम्हीही सोडली नसेल तर सीरियल नंबर घेऊन कंपनीलाच फोन करा, काम फुकटातही होऊ शकतं.

नर्सरीच्या पैशातून तीनशे काढा, बाकीच्याला हात लावू नका. हप्त्याचे ते ६३ मात्र दर महिन्याला वेगळ्या ईझी ॲक्सेस खात्यात टाकायला आजपासून सुरुवात करा, तीन वर्षांत २,२६८ आणि वर थोडं व्याज. तोवर बॉयलर १२ वर्षांचा होईल आणि तेव्हा खरंच बदलायची वेळ आलेली असू शकते. त्यावेळी हीट पंपाचाही कोट घ्या, इंग्लंड-वेल्समध्ये सध्या बॉयलर अपग्रेड स्कीममध्ये ७,५०० पाउंड मिळतात, पुढे काय असेल ते तेव्हा बघू.

इंजिनियर येईपर्यंत थंड असताना १.५ नाही, १ पर्यंतच भरा, म्हणजे गरम झाल्यावर ३ ला लागायला जरा वेळ मिळेल. भरून झाल्यावर फिलिंग लूपचे व्हॉल्व्ह नीट बंद करा. आणि दर दोन दिवसांनी भरत राहणं महिनोन्महिने चालू देऊ नका, प्रत्येक वेळी नवीन पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो, आधी घातलेलं इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन, पातळ होतं, रेडिएटर आतून गंजतात आणि मग काळा गाळ बसतो, तो साफ करायचा खर्च या दुरुस्तीपेक्षा जास्त येतो. दुरुस्ती झाली की त्याच माणसाला इनहिबिटरची एक बाटली घालायला सांगा. आणि ज्याने व्हेसलला गेजही न लावता बॉयलर संपला म्हणून सांगितलं, त्याला नका बोलावू, दुसरा बघा.