मेंढा वर्षभर कळपात सोडू नका

प्रश्न: मी पशुसंवर्धन पदविकेला आहे. सातारा-सांगली भागात मांस आणि लोकर दोन्हींसाठी मेंढीची कोणती जात घ्यावी आणि कळपाचं वर्षाचं नियोजन कसं करावं?

जातीचं आधी सांगते, कारण ते लवकर संपतं. लोकरीसाठी म्हणून आपल्याकडे मेंढी पाळू नका. दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते, तीही जाड. तिची घोंगडी होते, स्वेटर होत नाही. घोंगडीचं गिऱ्हाईक कमी झाल्यापासून कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही. कातरायचं ते मेंढीच्या अंगासाठी. पैसा कोकरातून येतो.

ज्यांचा कळप वर्षातले सहा-सात महिने चालतो त्यांनी दख्खनी ठेवावी, आमच्या माणदेशात लोणंदकडची ठेवतात. घरी वैरण, मेथीघास, शेवरी असेल तर जतकडची माडग्याळ घ्या. उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, बाकदार नाक. तिच्या कोकरांना वाढ चांगली असते, लोकर मात्र नावापुरती.

खरा प्रश्न तुमचा दुसरा आहे. त्यावर आमच्या घरात बरीच वर्षं वाद चाललाय.

आमचा मेंढरांचा वाडा माण तालुक्यातला. दसऱ्यानंतर कळप कृष्णाकाठाला जातो आणि मृगाच्या सुमारास परत येतो. माझे चुलते, तात्या, मेंढा वर्षभर कळपातच ठेवायचे. "मेंढा बांधला की बरकत जाते" हे त्यांचं एकच उत्तर. त्यामुळे कोकरं बारा महिने होत राहायची. वाटचालीत जन्मलेलं कोकरू घोड्यावर बांधायचं, वैशाखात जन्मलेल्याला आईच्या सडात दूध नाही. ही कोकरं जगवायची कोणी? बायकांनी. वाटीनं दूध पाजायचं, रात्री डालग्यात झाकायचं आणि सकाळी मेलेलं उचलायचं. तात्यांना कधी हे मोजावं लागलं नाही.

पदविका झाल्यावर मी हट्टानं साठ मेंढ्या वेगळ्या मागून घेतल्या. मेंढी साधारण १४७ ते १५० दिवसांनी विते. १ जुलैला मेंढा सोडला तर पहिली कोकरं २५ नोव्हेंबरच्या आसपास येतात. तोवर कळप कृष्णाकाठी पोहोचून स्थिरावलेला असतो, ऊसतोडीमुळे वाढं मिळतं, ज्वारीची रानं मोकळी होऊ लागतात, मेंढीला दूध येतं. मेंढी गाभाच्या शेवटच्या दीड महिन्यात सगळ्यात जड असते. म्हणजे मधल्या ऑक्टोबरच्या आत मोठी चाल उरकली पाहिजे, दसरा फार उशिरा नसला तर हेही या हिशेबात बसतं. ही कोकरं चैत्र-वैशाखाच्या जत्रांना पाच महिन्यांची होतात आणि उरलेली आखाडात जातात. श्रावण लागला की भाव पडतो.

अडचण एकच, जूनमध्ये परत आलेली मेंढी हडकलेली असते. म्हणून मेंढा सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज पाव किलो भरडलेला मका द्यावा. एकदम पूर्ण माप घालू नका, थोडं थोडं वाढवा, नाहीतर पोट बिघडून मेंढी दगावते.

आता त्या वर्षीचं. साठ मेंढ्यांसाठी जाळीच्या कुंपणाच्या दोन वाघरी केल्या, तीस-तीस. प्रत्येक वाघरीत रात्री एक मेंढा, दिवसा मेंढे बांधून चारा-दाणा. मेंढ्याच्या छातीला, पुढच्या दोन पायांच्या मध्ये, गोडेतेलात कालवलेली पिवडी दर दोन-तीन दिवसांनी लावायची. मेंढी साधारण १७ दिवसांनी माजावर येते. म्हणून पहिले १७ दिवस पिवडी आणि पुढचे १७ दिवस गेरू. आमच्या मेंढ्या काळ्या, त्यावर पिवळं लांबून दिसतं. ज्या मेंढीच्या पाठीवर मागच्या बाजूला पिवळं आहे ती लागली. पिवळ्यावर पुन्हा गेरू आला तर ती गाभ राहिली नव्हती, उलटली.

पहिल्या वाघरीत १७ दिवसांत २७ मेंढ्या पिवळ्या झाल्या, त्यातल्या ५ पुढे उलटल्या. एवढं चालतं. दुसऱ्या वाघरीत २६ पिवळ्या झाल्या. पण गेरूचा पहिला आठवडा संपायच्या आतच त्या ढिगानं उलटायला लागल्या, अखेरीस आकडा १७ वर गेला. तात्या म्हणाले, "मेंढ्याच भाकड हायत, लोणंदच्या बाजाराला घाल." मी नाही म्हटलं. दोन्ही वाघरींतल्या मेंढ्या एकाच वाटेनं चाललेल्या, एकच दाणा खाल्लेल्या, दिवसा एकाच रानात चरलेल्या. फरक होता फक्त मेंढ्याचा. तो मेंढा चांगला उड्या मारत होता, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. पण वैशाखात त्याला लाळ्या खुरकुतीचा ताप येऊन गेला होता. मेंढ्याचं बीज तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. त्यामुळे वैशाखातल्या तापाचं नुकसान आषाढात दिसतं. तोवर मेंढा तरतरीत दिसायला लागलेला असतो. उन्हाळ्याच्या कडक उष्म्यानंही हेच होतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या वाड्यातला मेंढा आणला आणि त्या वाघरीपुरते आणखी १७ दिवस वाढवून दिले. तात्या ज्यांना भाकड म्हणत होते त्या मेंढ्या डिसेंबर-जानेवारीत व्यायल्या. जुना मेंढा पुढे माघात वापरला तेव्हा ठीक होता. मेंढा बारमाही कळपात असता तर हे कोणाच्या लक्षात आलं नसतं. सतरा चांगल्या मेंढ्या खाटकाकडे गेल्या असत्या आणि दोष त्यांच्याच माथी लागला असता. तात्या अजून म्हणतात की योगायोग होता. मी म्हणते, मग तुमच्या कळपात कोणती मेंढी कधी लागली ते सांगा.

म्हणून तुम्ही विद्यार्थी असाल तर जातीची चर्चा कमी करा आणि मेंढ्याला हात लावायला शिका. सोडण्याच्या दोन महिने आधी अंड तपासा. दोन्ही सारखे आणि घट्ट हवेत. एक मऊ, लहान किंवा गाठीचा असला तर तो मेंढा नको. तेव्हापासूनच त्याला सावली आणि दाणा द्या. एका मेंढ्यामागे पंचवीस-तीस मेंढ्या पुरे.

तात्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे. आषाढात गाभ न राहिलेली मेंढी वर्षभर रिकामी फिरते. त्यासाठी फेब्रुवारीत फक्त रिकाम्या मेंढ्यांना मेंढा दाखवावा, त्या जूनअखेर ते जुलैत घरी वितात. वितात तेव्हा पाऊस असतो, कोरडी जागा लागते. नोव्हेंबरला व्यायलेल्यांना मात्र तेव्हा लावू नका. चालत्या कळपात दोन वर्षांत तीन वेतं काढायला गेलात तर मेंढी खंगते. बंदिस्त पाळणाऱ्यांचं वेगळं. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून सुवर्णा तयार केली, तीसुद्धा मला घरी दाणा देणाऱ्याकडेच शोभते. चालताना दोन कोकरांना दूध पुरत नाही.

आणि बकरी ईदसाठी नर राखणार असाल तर माझ्या तारखा चालणार नाहीत. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, तो हिशेब ईदेपासून उलटा मोजून दरवर्षी नव्यानं करावा लागतो.