नकार दिलेल्या कंपनीत पुन्हा अर्ज: माझा उद्यमबागेतला अनुभव

प्रश्न: वर्षापूर्वी बेळगावातल्या एका मशिनिंग कंपनीने क्वालिटीच्या इंटरव्ह्यूत मला नापास केलं. आता तिथंच पुन्हा जागा निघाली आहे. परत अर्ज करू का? आधीचं सांगू की लपवू?

करा, आणि लपवू नका. उद्यमबाग ते मच्छे हा पट्टा एवढासा आहे की इंटरव्ह्यू घेणारा माणूस संध्याकाळी चहाच्या गाड्यावर तुमच्याच आताच्या सुपरवायझरला भेटतो.

मीही याच फेऱ्यातून गेलोय. डिप्लोमा संपवून इन्स्पेक्टरच्या जागेसाठी गेलो, तेव्हा टेबलावर चार भोकांचा एक फ्लँज ठेवला आणि ड्रॉईंग हातात दिलं. भोकांची जागा तपासायची होती. मी हाईट गेजने मापं घेतली. एका भोकाची जागा आडवी 0.06 आणि उभी 0.08 मिलिमीटरनं सरकलेली. ड्रॉईंगच्या कोपऱ्यात जनरल टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा सर्वसाधारण फरक, ±0.1 लिहिलेला होता, म्हणून बिनधास्त ‘ओके’ लिहून टाकलं.

साहेबांनी भोकाशेजारच्या लहान चौकटीवर बोट ठेवलं. त्यात गोलावर फुली आणि पुढं Ø0.15. “हे काय आहे?” मी गप्प. ती पोझिशनची खूण होती. भोकाचा मध्य 0.15 व्यासाच्या वर्तुळात, म्हणजे खऱ्या जागेपासून 0.075 च्या आत हवा. 0.06 आणि 0.08 चं तिरकं अंतर 0.10 येतं, म्हणजे व्यासात 0.20. भोक नापास, आणि भोकाबरोबर मीही. चौकटीत लिहिलेल्या मापांना जनरल टॉलरन्स लागतच नाही, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर मीच कधी विचारलं नव्हतं.

घरी जाताना बसमध्येच, विचारलेले प्रश्न आणि मी कुठं अडकलो ते वहीत लिहून काढलं. आठवड्यानं एचआरला फोन करून कारण विचारलं. एकच वाक्य मिळालं: ड्रॉईंग वाचता येत नाही. तुम्हीही आधी एवढं करा. कारण कळल्याशिवाय दुसरा अर्ज म्हणजे जुनाच बायोडाटा नव्या तारखेनं. टक्केवारीच्या अटीत बसत नसाल किंवा जागाच रद्द झाली असेल, तर काही शिकून त्या कारणावर उपाय होत नाही.

मग मच्छेतल्या एका जॉबवर्कच्या शेडमध्ये लागलो. तिथल्या वयस्क इन्स्पेक्टरकाकांनी रोज जेवणाच्या सुट्टीत एक ड्रॉईंग वाचून घेतलं. वर्षभर मी एक रजिस्टर ठेवलं: कुठला पार्ट परत आला, माप काय होतं, चूक मशीनची की मोजणीची.

पुन्हा अर्ज केला तो जुन्याच ईमेलवरून. पहिल्या दोन ओळींत सांगून टाकलं की अमुक महिन्यात आलो होतो, पोझिशन टॉलरन्स वाचता न आल्यानं निवड झाली नाही. त्यानंतर वर्षभर हेच काम करतोय. ‘कौशल्य वाढवलं आहे’ असलं काही लिहिलं नाही. सोबत एका पानाचा नमुना जोडला, पण आकृती स्वतः हातानं काढलेली. आताच्या मालकाच्या गिऱ्हाईकाचं ड्रॉईंग किंवा त्याचा फोटो दाखवायची चूक करू नका. समोरच्याला तेव्हाच कळतं की उद्या हा आमचीही ड्रॉईंगं बाहेर नेईल.

गेटवरच्या वॉचमननं ओळखलं. “मत्त बंद्री?” म्हणजे परत आलात? आत साहेब तेच. त्यांनी मुद्दाम तसाच फ्लँज काढला, सरकलेलं मापही तेच, 0.06 आणि 0.08. फक्त चौकटीत 0.15 च्या पुढं गोलात एम होता. घाईत मी पुन्हा नापास म्हणणार होतो. मग थांबून भोकाचा व्यास मोजला: 10.06. ड्रॉईंगवर 10.00 ते 10.10. गोलातला एम म्हणजे भोक किमान मापापेक्षा जितकं मोठं तितकी पोझिशनला जादा सूट. इथं 0.06. मर्यादा झाली 0.21, आपलं 0.20. पास.

पुढं सीएमएमवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मोजणीच्या मशीनवर, डेटम म्हणजे मापं जिथून धरायची तो आधार कसा लावशील, असं विचारलं. शेडमध्ये सीएमएम नव्हतंच, तेव्हा “हाताळलेलं नाही, साहेब” म्हणालो. घेतलं, पण सहा महिने ट्रेनी म्हणून आणि सीएमएम शिकायच्या अटीवर.

एक राहिलं: किती महिन्यांनी पुन्हा अर्ज चालतो, ते एचआरला आधी फोनवर विचारा. काही ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला अर्ज उघडतही नाहीत.