«पाठविले» की «पावले»? मोडी पत्रातील पुसट शब्द

प्रश्न : घरच्या मोडी पत्रात «सांगलीस रुपये ४॥ पा…ले» असे आहे, मधली अक्षरे उडाली आहेत. «पाठविले» वाचावे की «पावले»? आणि अशा शब्दाला «अवाच्य» म्हणतात का?

अवाच्य म्हणू नये. शाई दिसते पण अक्षर लागत नाही, तो शब्द अवाच्य; कागदच फाटला किंवा कसरीने खाल्ला, तेथे मजकूर गहाळ; आणि वाचता येते पण खात्री नाही, तो शब्द संदिग्ध. आपला शब्द संदिग्ध आहे, आणि त्यावर अर्थ फिरतो, कारण «पाठविले» म्हणजे पैसे इकडून निघाले, तर «पावले» म्हणजे पोहोचले. «भरून पावलो» मधला तोच पावणे.

उत्तर बहुधा त्याच पत्रात मिळेल. जुन्या पत्रांचा आरंभ अनेकदा «पत्र पाठविले ते पावले, लिहिला मजकूर कळला» असा असतो, म्हणजे दोन्ही शब्द त्याच हाताचे, त्याच बोरूचे आपल्यासमोर असतात. ते बटरपेपरवर गिरवून उडालेल्या जागेवर ठेवावेत. «पा» आणि «ले» यांच्यामध्ये एकट्या «व»ची जागा आहे की «ठवि»ची, हे लगेच कळते. साताऱ्याच्या एका पत्रात मी असे केले, तेव्हा जागा दोन अक्षरांची निघाली आणि भिंगाखाली शिरोरेषेच्या वर वेलांटीचे टोकही सापडले. «पावले»त वेलांटी नाही, म्हणून निकाल «पाठविले»कडे झुकला. मात्र शब्द ओळीच्या शेवटी असेल तर या मापावर विसंबू नये, कारण तेथे लिहिणारा अक्षरे दाटीने बसवतो. नुसता संदर्भ पाहूनही ठरवू नये. पैसे पाठवल्याची घरातली आठवण डोळ्यांना नसलेली वेलांटी दाखवते. (माझ्याबाबतीत हे एकदा घडले आहे.)

आकडाही तपासावा. ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ म्हणजे साडेचार, ४॥। म्हणजे पावणेपाच, घडीवर तिसरी रेघ झिजली असेल तर पाव रुपया नाहीसा होतो. कागद खिडकीशी उजेडासमोर धरून दुसऱ्या रेघेपुढची जागा पाहावी.

लिप्यंतरात मूळ अक्षरे जशीच्या तशी ठेवून आपली भर चौकोनी कंसात घालावी आणि शंका असेल तेथे प्रश्नचिन्ह द्यावे : «सांगलीस रुपये ४॥ पा[ठवि?]ले». तिसऱ्या रेघेची खूण दिसल्यास «४॥[।?]» लिहावे. ऱ्हस्वदीर्घ सुधारू नये. मोडीत तो भेद सहसा पाळत नाहीत, त्यामुळे तेथे आपण दुरुस्त करतो ती चूक नसतेच. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात, म्हणून शब्दांची तोड मात्र आपलीच असते, हे एकदा सुरुवातीला नोंदवावे. खाली टीप द्यावी : «मधली सुमारे दोन अक्षरे उडालेली, वेलांटीचा अंश दिसतो, पर्यायी वाचन : पावले.»