९०० टक्के लाभांश आणि शुक्रवारची खरेदी

प्रश्न: एका कंपनीने ९०० टक्के, म्हणजे शेअरमागे १८ रुपये अंतरिम लाभांश जाहीर केला होता. रेकॉर्ड डेट शुक्रवारी होती. गुरुवारी ६१७ रुपयांवर बंद झालेला शेअर शुक्रवारी सकाळी ६०० रुपयांना स्वस्तात मिळाला, म्हणून मी ५०० शेअर घेतले. महिना उलटला तरी ९,००० रुपये आलेले नाहीत. तक्रार कोणाकडे करू? याआधी असाच दुसऱ्या कंपनीचा लाभांश वेळेवर आला होता: ४०० शेअर ५०० रुपयांना घेतले, ६,००० रुपये लाभांश मिळाला आणि दोन दिवसांनी ४८६ रुपयांना विकले. मी ३० टक्क्यांच्या करटप्प्यात आहे. आईची १२ लाखांची मुदत ठेव मोडून दर महिन्याला हेच करावे, असे ज्या सल्लागाराने ही पद्धत शिकवली तो म्हणतो.

उत्तर: तक्रार करण्यासारखे काही घडलेले नाही, कारण तो लाभांश तुमचा नव्हताच. तो ज्याने तुम्हाला शुक्रवारी शेअर विकले, त्याचा आहे.

कंपनी लाभांश देते तो रेकॉर्ड डेटच्या दिवसअखेर डिमॅट शेअरचा हिशेब ठेवणाऱ्या डिपॉझिटरीच्या नोंदीत ज्यांच्या खात्यात शेअर आहेत त्यांना. तुम्ही सौदा शुक्रवारी केला, पण शेअर खात्यात जमा होतात ते पुढच्या कामकाजाच्या दिवशी, म्हणजे तुमच्या बाबतीत सोमवारी. शुक्रवारच्या यादीत त्यामुळे विकणाऱ्याचे नाव राहिले. लाभांशासाठी खरेदीचा शेवटचा दिवस गुरुवार होता; शुक्रवार ही एक्स-डिव्हिडंड तारीख होती, म्हणजे त्या दिवसापासून शेअर लाभांशाच्या हक्काशिवाय विकला जात होता. भारतात २७ जानेवारी २०२३पासून सर्व शेअरचे सौदे एका दिवसात पूर्ण होऊ लागले, तेव्हापासून एक्स-तारीख आणि रेकॉर्ड डेट सामान्यतः एकाच दिवशी येतात. त्याआधी सौदा पुरा व्हायला दोन दिवस लागत आणि एक्स-तारीख रेकॉर्ड डेटच्या एक दिवस आधी येई. जुन्या लेखांतील दिवसांचे हिशेब म्हणूनच आज लागू पडत नाहीत. स्वतः दिवस मोजण्यापेक्षा शेअर बाजाराने जाहीर केलेली एक्स-तारीख पाहावी आणि तिच्या आदल्या कामकाजाच्या दिवसापर्यंत खरेदी झालेली असावी, एवढे पुरते.

आता ज्याला तुम्ही स्वस्त म्हणता त्याकडे पाहू. गुरुवारी ६१७ रुपयांत जो शेअर मिळत होता, त्याच्यासोबत १८ रुपये मिळण्याचा हक्क होता. शुक्रवारी तो हक्क सुटला आणि भाव १७ रुपयांनी खाली आला. कंपनीच्या तिजोरीतून शेअरमागे १८ रुपये बाहेर जाणार हे सर्वांना ठाऊक असताना कालच्याच भावाने तो शेअर कोणी कशाला विकत घेईल? तुम्ही १८ रुपयांचा लाभांश गमावला नाही, कारण त्याची किंमत तुम्ही मोजलीच नव्हती. या खरेदीत तुमचे नुकसान झालेले नाही, फक्त जो लाभ झाला असे तुम्हाला वाटत होते तोही झालेला नाही.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या आधीच्या, यशस्वी समजल्या जाणाऱ्या व्यवहाराची. तुम्ही २ लाख रुपये गुंतवले आणि ४८६ रुपयांनी विकून १,९४,४०० परत मिळवले, म्हणजे भावात ५,६०० रुपये गेले. लाभांश ६,००० आला, तेव्हा वरकरणी ४०० रुपये सुटले. पण लाभांश तुमच्या इतर उत्पन्नात मिळवला जातो आणि त्यावर ३० टक्क्यांनी १,८०० रुपये कर लागतो. खरेदी-विक्रीवरचा व्यवहार कर, मुद्रांक शुल्क आणि दलाली मिळून साधारण ५०० रुपये धरा. हाती उरला तो सुमारे १,९०० रुपयांचा तोटा, आणि तोही भाव लाभांशापेक्षा एक रुपयाने कमी पडला असताना, म्हणजे बाजार तुमच्यावर किंचित मेहेरबान असताना.

भावातले ते ५,६०० रुपये लाभांशातून वजा करून कर वाचवता येईल असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर तेही चुकीचे आहे. तो अल्पकालीन भांडवली तोटा आहे आणि तो फक्त भांडवली नफ्यासमोरच मांडता येतो. असा नफा नसेल तर पुढील ८ वर्षे ओढता येतो, पण लाभांशाशी त्याची वजाबाकी होत नाही. या पद्धतीत तुम्ही स्वतःचेच पैसे लाभांश म्हणून परत घेता आणि त्यावर कर भरता. एखाद्या वेळी बाजार वर गेला आणि भाव लवकर भरून आला, तर फायदा दिसेल, पण तो त्या दिवसांतील बाजाराच्या चढाचा असेल. लाभांश नसलेला शेअर घेतला असता तरी तो मिळाला असता.

९०० टक्के हा आकडा तर या साऱ्या विक्रीचे मुख्य हत्यार आहे. तो बाजारभावावर नव्हे, तर शेअरच्या दर्शनी मूल्यावर, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या मूळ किमतीवर मोजलेला असतो. तुमच्या कंपनीचे दर्शनी मूल्य २ रुपये असणार, म्हणून ९०० टक्के म्हणजे १८ रुपये; ६१७च्या भावावर तो ३ टक्क्यांहून कमी आहे. तुमच्या सल्लागाराला हे माहीत नसेल तर त्याने सल्ला देऊ नये, आणि माहीत असूनही तो ९०० टक्के असेच सांगत असेल तर त्याच्याशी पुढे बोलण्याची गरज नाही. दर महिन्याच्या उलाढालीतून दलाली कोणाला मिळते, हे मात्र त्याला जरूर विचारा.

आता आईची ठेव. तुमच्याच उदाहरणात २ लाखांवर १,९०० रुपये, म्हणजे जवळपास १ टक्का गेला. १२ लाख दर महिन्याला असेच फिरवले तर वर्षात सव्वा लाखाहून जास्त रक्कम जाऊ शकते, शिवाय ठेवीचे व्याज बंद होईल आणि मुदतीपूर्वी मोडल्याचा दंडही बसू शकतो. एखादा शेअर लाभांशानंतर आणखी १५ टक्के खाली गेला तर त्याचा हिशेब यात धरलेलाच नाही. ठेव मोडण्याचा अर्ज दिला असेल तर तो आजच मागे घ्या. हे पैसे आईचे आहेत आणि आजारपणात तेच आधी लागतील.

हातातले ५०० शेअर आता लाभांशाच्या नजरेने पाहू नका. कंपनीचा धंदा तुम्हाला समजतो का आणि ६०० रुपयांना घेतलेले तिचे शेअर तुम्ही तीन-चार वर्षे ठेवले असते का, याचे उत्तर नाही असे असेल तर विकून मोकळे व्हा. ठेवणार असाल तर पुढचा लाभांश एक्स-तारखेच्या आधीपासून धरलेल्या शेअरवर आपोआप मिळेल. एक्स-तारखेच्या दिवशी विकलेत तरी तो तुमचाच राहील. तो तुमच्या डिमॅट खात्याशी जोडलेल्या बँक खात्यात येतो, दलालाकडच्या खात्यात नव्हे, म्हणून ते बँक खाते चालू आहे याची खात्री करून घ्या. रेकॉर्ड डेटला शेअर खात्यात असूनही जाहीर केल्यापासून ३० दिवसांत लाभांश आला नाही, तर कंपनीच्या भागधारकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारकडे डिमॅट क्रमांकासह लेखी विचारणा करायची.