मार्करवर ड्रोन उतरवताना शेवटच्या मीटरमध्ये काय होतं

प्रश्न: अर्डुकॉप्टर वापरतोय. खाली बघणारा कॅमेरा (640×480, आडवा कोन 62 अंश) ड्रोनच्या मध्यापासून 12 सेंमी पुढे लावलाय. जमिनीवर 40 सेंमीचा `tag36h11` छापून ठेवलाय. पाच-सहा मीटरवरून टॅग सापडतो, ड्रोन त्याच्याकडे सरकतोही, पण वरती डोलत राहतो आणि शेवटी टॅगपासून अर्धा-पाऊण मीटर बाजूला उतरतो. पीआयडी बदलून बघितले, फरक नाही. नेमकं काय चुकतंय?

उत्तर:

पीआयडी होते तसे परत करून ठेवा, दोष तिथे नाही. डोलणं आणि बाजूला उतरणं हे दोन वेगळे दोष आहेत. पहिला वरच्या उंचीवर दिसतो, दुसरा शेवटच्या मीटरमध्ये. पण पहिला असेल तर दुसरा जास्त महागात पडतो. आधी दुसराच घेतो, कारण तो कागदावर दोन मिनिटांत दिसतो.

640 पिक्सेल आणि 62 अंश म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याची फोकल लांबी साधारण 530 पिक्सेल. चित्राची उभी बाजू नाकाच्या दिशेने असेल तर त्या दिशेचा अर्धा कोन 24 अंशांच्या आसपास येतो. ड्रोन वाऱ्याशी झगडत 5 अंश कलला, तर एका बाजूला 19 अंशच उरतात. म्हणजे उंचीच्या प्रत्येक मीटरमागे त्या बाजूला जेमतेम 35 सेंमी जमीन दिसते.

आता टॅग बघा. मध्यापासून काळी कड 20 सेंमी, तिच्याबाहेरची पांढरी पट्टी 5 सेंमी. शिवाय कॅमेरा 12 सेंमी पुढे असल्यामुळे ड्रोन टॅगच्या बरोबर वर आला की टॅग चित्रात 12 सेंमी मागे दिसतो. बेरीज 37 सेंमी. ती 0.35 ने भागली की 1.05 मीटर. कॅमेरा याच्याखाली आला की टॅगची एक कड चित्राबाहेर जाते, आणि चार कोपरे पूर्ण दिसल्याशिवाय एप्रिलटॅग काहीच सांगत नाही. अर्धा टॅग ओळखणं हा प्रकार त्यात नाही.

`LAND_SPEED` मूळचा 50 सेंमी प्रति सेकंद असेल तर तिथून पुढे दोन सेकंद ड्रोन आंधळा उतरतोय. `PLND_TIMEOUT` मुळात 4 सेकंद आहे, म्हणजे टॅग हरवल्याची दखल घेऊन पुन्हा प्रयत्न करायच्या आत तो जमिनीवर टेकलेला असतो. म्हणून तुम्हाला कुठला इशारा दिसत नाही. टॅग सुटला त्या क्षणी ड्रोन डोलण्याच्या भरात 25 सेंमी प्रति सेकंदाने बाजूला जात असेल, आणि टॅगच्या जागेचा अंदाजही तितकाच हललेला असेल, तर अर्धा मीटर चूक सहज होते. लॉगमध्ये `PL.LastMeasMS` आणि रेंजफाइंडरची उंची एकावर एक काढा. `LastMeasMS` दरवेळी एक मीटरच्या आसपास वाढायचा थांबत असेल तर निदान पक्कं.

यावर उपाय म्हणून लोक मोठ्या टॅगशेजारी एक छोटा टॅग चिकटवतात. चालतं, पण मग दोघांचे मध्य वेगळे असतात. छोट्याकडे जाताना लक्ष्य एकदम 30 सेंमी उडी मारतं, नाहीतर ते अंतर टॅगच्या वळणाप्रमाणे फिरवून वजा करत बसावं लागतं. त्यापेक्षा `tagCustom48h12` घ्या. हा टॅग याच कामासाठी बनवलाय. त्याच्या मध्यातले 2×2 घर मोकळे सोडलेत, वाचताना त्यांच्याकडे बघितलंच जात नाही. त्या भोकात त्याच कुटुंबातला दुसरा टॅग बसवायचा. पूर्ण टॅग 10 घरं रुंद असतो आणि माप ज्या कडेवर घेतात ती 6 घरं रुंद, त्यामुळे आतला टॅग बरोबर पाचपट लहान येतो: बाहेरचा 40 सेंमी, आतला 8 सेंमी, दोघांचा मध्य एकच. दोघांना वेगळे क्रमांक द्या, म्हणजे कुठला दिसतोय ते कळेल आणि त्याप्रमाणे माप धरता येईल.

इथे एक जुनी चूक सांगतो, मीही केलीय. टॅगचं माप म्हणजे कागदाचं माप नाही, ते ओळखलेल्या कोपऱ्यांमधलं अंतर असतं. `tag36h11` मध्ये ती काळी बाहेरची कड, म्हणजे 10 पैकी 8 घरं. पांढऱ्या पट्टीसकट मोजलं तर प्रत्येक अंतर 25 टक्के जास्त येतं. वर सांगितलेल्या `tagCustom48h12` चा कागद तर 67 सेंमी लागेल, कारण काही घरं कडेच्या बाहेर असतात. टॅग एक मीटरवर टेपने मोजून धरा आणि प्रोग्राम किती अंतर सांगतो ते बघा.

या जोडीचे आकडे तुमच्या कॅमेऱ्यावर असे येतात. माझ्या अनुभवात एका घराला तीन पिक्सेल मिळाले की ओळख भरवशाची होते. बाहेरच्या टॅगचं घर 6.7 सेंमीचं, म्हणजे साधारण 11-12 मीटरवरून. आतल्याचं घर 1.33 सेंमीचं, म्हणजे 2.3 मीटरवरून. बाहेरचा टॅग 1.3 मीटरवर सुटतो, आतला अर्ध्या मीटरच्या आसपास. मध्ये एक मीटरचा पट्टा असा आहे जिथे दोन्ही दिसतात. हा पट्टा असायलाच हवा, त्याशिवाय हस्तांतर सुरळीत होत नाही. कॅमेरा ड्रोनच्या मध्याखाली सरकवता आला तर आतला टॅग 20 सेंमीपर्यंत टिकतो. बोर्डाच्या सोयीसाठी कॅमेरा नाकाखाली लावण्याची किंमत ती हीच. तो तिथेच ठेवणार असाल तर `PLND_CAM_POS_X` मध्ये 0.12 भरलंय ना, तेही तपासा.

लांबून टॅग सापडत नसेल तर `quad_decimate` बघा. तो मुळात 2 असतो, म्हणजे चौकोन शोधायचं काम अर्ध्या आकाराच्या चित्रावर होतं. 1 केला तर पल्ला वाढतो आणि फ्रेमचा वेग पडतो. वर 1, दोन मीटरखाली 2, असं मी ठेवतो.

आता डोलणं. कॅमेरा ड्रोनला घट्ट बांधलेला आहे, त्यामुळे ड्रोन कलला की टॅग चित्रात सरकतो. फ्लाइट कंट्रोलर आपला कल वजा करून खरी जागा काढतो. पण कुठल्या क्षणाचा कल वजा करायचा? चित्र टिपणं, टॅग शोधणं, निरोप पाठवणं यात 150 मिलिसेकंद गेले आणि `PLND_LAG` मूळच्या 0.02 वर राहिला, तर जुन्या चित्रातून नवा कल वजा होतो. ड्रोन 30 अंश प्रति सेकंदाने कलत असताना 0.13 सेकंदाची ही चूक जवळपास 4 अंशांची. तीन मीटरवर ती 20 सेंमी भरते. कंट्रोलरला वाटतं टॅग 20 सेंमी सरकला, तो त्याच्यामागे कलतो, त्या कलण्याने टॅग पुन्हा "सरकतो". पीआयडी कितीही फिरवा, हे थांबत नाही.

ओळखायची खूण अशी: चूक कोनातली असल्यामुळे डोलणं उंचावर मोठं असतं आणि खाली येताना लहान होत जातं. ड्रोन मागेपुढे न डोलता एकाच दिशेने घिरट्या घालत असेल तर कॅमेरा नाकाशी तिरपा बसलाय का ते बघा. आणि टॅगशिवाय साध्या लॉयटरमध्येही घिरट्या असतील तर दोष कंपासचा, कॅमेरा सोडून द्या.

मोजायला उडायची गरज नाही. पंखे काढा, मोकळ्या आकाशाखाली जीपीएस लागू द्या, `LOG_DISARMED` 1 करा आणि `PLND_EST_TYPE` तात्पुरता 0 करा, नाहीतर फिल्टर सगळं गुळगुळीत करून दाखवतो. ड्रोन टॅगच्या दीड मीटर वर धरून कॅमेऱ्याची जागा न हलवता सेकंदाला एकदा, दोन्हीकडे 15 अंश असा डोलवा. मग `PL.pX`, `PL.pY` आणि `ATT.Roll` एकत्र बघा. टॅग जागचा हललेला नाही, तेव्हा रेषा जवळपास सपाट हवी. 0.13 सेकंदाची चूक असेल तर ती दोन्हीकडे 30 सेंमी झुलताना दिसेल. `PLND_LAG` वाढवत जा (दरवेळी रीबूट लागतो) आणि झुलणं सर्वांत कमी होईल तिथे थांबा. त्याची कमाल 0.25 आहे. त्याहून जास्त लागत असेल तर तुमचा प्रोग्राम जुन्या फ्रेमा वाचतोय. ओपनसीव्हीच्या रांगेत साठलेल्या फ्रेमा हे त्याचं नेहमीचं कारण. वेगळ्या थ्रेडमध्ये सतत फ्रेम घेत राहा आणि शोधायला फक्त ताजी द्या. `PLND_LAG` हा एकच ठरावीक आकडा आहे, त्यामुळे उशीर दरवेळी वेगळा असण्यापेक्षा थोडा जास्त पण कायम सारखा असलेला परवडतो.

पाठवताना टॅगचा कल पाठवू नका. वरून सरळ बघताना सपाट चौकोनाच्या कलाची दोन उत्तरं जवळपास सारखीच बसतात आणि प्रोग्राम त्यांच्यात उड्या मारतो. मध्याची दिशा मात्र भरवशाची असते, तेवढीच द्या:

```python
tx, ty, tz = det.pose_t.flatten()
dist = math.sqrt(tx*tx + ty*ty + tz*tz)
master.mav.landing_target_send(
    0, 0, mavutil.mavlink.MAV_FRAME_BODY_FRD,
    math.atan2(tx, tz), math.atan2(ty, tz),
    dist, 0, 0)
```

यात चित्राची वरची बाजू नाकाकडे आहे असं धरलंय. कॅमेरा 90 अंश फिरवून बसवला असेल तर आधी चित्र फिरवा. दोन्ही टॅग दिसत असताना मी 1.6 मीटरपर्यंत बाहेरचा आणि त्याखाली आतला पाठवतो.

राहिला शटर. 30 अंश प्रति सेकंदाच्या फिरण्यात चित्र सेकंदाला सुमारे 280 पिक्सेल सरकतं. 10 मिलिसेकंद शटर उघडा राहिला तर जवळपास तीन पिक्सेलचा फराटा, म्हणजे लांबवर टॅगचं आख्खं एक घर पुसलं गेलं. शटर हाताने 2 मिलिसेकंदांवर बांधा, चित्र काळपट दिसलं तरी चालेल. आणि टॅग चकचकीत लॅमिनेशनमध्ये घालू नका. उन्हाचा एक ठिपका त्यावर पडला की दुपारी बरोब्बर टॅगच्या डोक्यावर असतानाच तो दिसेनासा होतो, आणि संध्याकाळी सगळं नीट चालतं.

क्रम असा ठेवा: आधी लॅग, मग नवा टॅग. लॅग बरोबर बसल्यावर जुन्याच टॅगवर एकदा उतरवून बघा. एक मीटरखाली तो तेव्हाही आंधळाच असेल, पण डोलणं गेल्यामुळे चूक किती उरते ते कळेल. त्या उड्डाणाचा लॉग इथे टाकलात तर पुढचं बघता येईल.